प्राध्यापकांकडे दोन दिवस मागताना अडलेला बग कसा मांडावा

> ऑपरेटिंग सिस्टिमच्या असाइनमेंटमध्ये सी भाषेत छोटी शेल लिहायची आहे, शुक्रवारी रात्री ११:५९ पर्यंत द्यायची आहे. दोन कमांडचा पाइप चालतो, पण तीन जोडल्या की प्रोग्राम लटकतो, प्रॉम्प्ट परतच येत नाही. बरंच काही करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात चवथ आहे, तेव्हा सरांना मेल करून चवथीनंतरची तारीख मागावी का? मेलमध्ये बग किती सांगायचा? काय काय करून पाहिलं ते सगळं लिहायचं की नको? फोंड्याला शिकतो, घर सत्तरीत आहे.

मेल अवश्य पाठवा, आणि तो गुरुवारी कामाच्या वेळेत पोहोचेल असे पाहा. चवथीनंतरची तारीख मात्र मागू नका, रविवारी रात्रीपर्यंतची मागा. बग पूर्ण सांगा, पण केलेल्या प्रयत्नांपैकी ज्यांच्यामुळे काही कळले, तेवढेच प्रयत्न लिहा. असे का, ते पुढे लिहितो.

प्रयोगशाळेचे तास मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि मुदत संपण्याच्या आदल्या रात्री येणारे मेल माझ्या परिचयाचे आहेत. त्यांतले बहुतेक दोन टोकांचे असतात. एका प्रकारात ‘सर, कोड रन होत नाही, खूप प्रयत्न केले, कृपया वेळ द्या’ एवढाच मजकूर असतो. दुसऱ्यात पहाटेपर्यंतच्या जागरणाची रोजनिशी असते आणि तिच्याखाली सहाशे ओळींचा कोड चिकटवलेला असतो. पहिल्या मेलवरून विद्यार्थ्याने काम सुरू तरी केले आहे का, हे कळत नाही. दुसऱ्यावरून ते कळते, पण तो नेमका कुठे अडला आहे हे शोधण्याचे काम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. मुदत द्यायची की नाही हे ठरवताना प्राध्यापक एवढेच पाहतात की काम कुठवर आले आहे, जे अडले आहे त्याला मागितलेला वेळ पुरेल का, आणि न पुरल्यास आठवडाभराने हाच मेल पुन्हा येईल का. याचे उत्तर बगच्या वर्णनातच असते. म्हणून मेलला हात लावण्यापूर्वी अर्धा तास पुरावा गोळा करण्यात घालवा.

तुमचा प्रोग्राम कोसळत नाही, तो लटकतो, आणि हे एका अर्थाने सोयीचे आहे. कोसळलेला प्रोग्राम निघून गेलेला असतो, पण लटकलेला तुमच्यासमोर उभा असतो आणि तो कशाची वाट पाहत आहे हे त्यालाच विचारता येते. तुमच्या शेलमध्ये `cat a.txt | grep x | wc -l` द्या, ती लटकली की तशीच राहू द्या, आणि दुसऱ्या टर्मिनलमधून शेलचा प्रोसेस क्रमांक शोधून तिच्या खाली कोण जिवंत आहे ते पाहा. शेलचा क्रमांक ४१२० आहे असे धरून चालू.

```
ps -o pid,stat,cmd --ppid 4120
ls -l /proc/4122/fd
```

पहिल्या कमांडमध्ये बहुधा असे दिसेल की `cat` आपले काम उरकून गेला आहे, आणि `grep` व `wc` मात्र बसून आहेत. `wc` थांबला आहे कारण `grep` संपलेला नाही, तेव्हा पाहायचा तो `grep`. दुसऱ्या कमांडमधला ४१२२ हा त्याचाच क्रमांक. त्याच्याकडे कोणती फाइल डिस्क्रिप्टर उघडी आहेत याची यादी मिळते, आणि तुम्ही सांगता तशी लक्षणे असतील तर ती साधारण अशी दिसावी (तारीख व मालकाचे रकाने गाळले आहेत):

```
lr-x------  0 -> pipe:[58213]
l-wx------  1 -> pipe:[58214]
lrwx------  2 -> /dev/pts/1
l-wx------  4 -> pipe:[58213]
lr-x------  5 -> pipe:[58214]
```

शेवटून दुसरी ओळ नीट पाहा. ५८२१३ हा `grep` ज्या पाइपमधून वाचतो तोच पाइप आहे, आणि डावीकडचे `l-wx` सांगते की त्याच पाइपचे लिहिण्याचे टोकही `grep` कडे ४ या क्रमांकाने उघडे आहे. पाइपमधून वाचणाऱ्याला ‘आता काही येणार नाही’ हे तेव्हाच कळते, जेव्हा त्या पाइपची लिहिण्याची सर्व टोके, ज्या ज्या प्रोसेसकडे असतील त्या सर्वांकडची, बंद झालेली असतात. एकही उघडे राहिले, अगदी वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच हातात राहिले, तरी `read` थांबून राहतो. दोन कमांडना एक पाइप लागतो, त्याची दोन टोके तीन प्रोसेसकडे, म्हणजे सहा डिस्क्रिप्टर सांभाळावी लागतात. तीन कमांडना दोन पाइप लागतात, ते `fork` च्या आधीच तयार केले असतील तर चार टोके चार प्रोसेसकडे जातात आणि हिशेब सोळावर पोहोचतो. दोनचा पाइप चालून तीनचा अडणे हे म्हणूनच या असाइनमेंटचे नेहमीचे लक्षण आहे. तुमच्या लूपमध्ये कोणते टोक कुठे सुटले आहे हे मी सांगणार नाही, कारण गुण त्याचेच आहेत.

एवढ्यावरून आजच बग सुटला, तर मेलची गरज कमी होईल किंवा उरणारही नाही. सुटला नाही, तरी आता ‘प्रोग्राम लटकतो’ याऐवजी ‘`grep` वाचत थांबला आहे आणि त्याच्याकडे ४ हे जादा टोक उघडे आहे’ असे एक वाक्य तुमच्या हाती आले. हा विषय शिकवणाऱ्याला तेवढ्यावरून तुम्ही किती जवळ आहात हे कळते, आणि दोन दिवसांत काम होईल की नाही याचा अंदाजही बांधता येतो.

आता केलेल्या प्रयत्नांबद्दल. प्रत्येक प्रयत्नाला एक प्रश्न विचारा की यामुळे कोणती शंका मिटली? उत्तर असेल तर तो प्रयत्न त्याच्या निष्कर्षासह मेलमध्ये जातो, नसेल तर गळतो. ‘लॅपटॉप रीस्टार्ट केला’ याने काही मिटत नाही. ‘घरच्या लॅपटॉपवर आणि प्रयोगशाळेतल्या मशीनवर, दोन्हीकडे हुबेहूब हेच घडते’ याने मात्र मशीनचा दोष असण्याची शंका मिटते. ‘`valgrind` चालवून पाहिले, काही त्रुटी नाही’ हे खरे असले तरी मेमरीची तपासणी स्वच्छ आल्याने उघड्या टोकांबद्दल काहीच कळत नाही, म्हणून ते लिहू नये.

लहान आणि मोठ्या फाइलचा प्रयोग तुमच्या प्रश्नात नाही. तो केला नसेल तर पाच मिनिटांत करा, कारण त्यातून एक अख्खी शक्यता बाद होते. लिनक्सवर पाइपमध्ये मुळात ६५,५३६ बाइट मावतात. एखाद्याची शेल पहिली कमांड संपण्याची वाट पाहून मगच दुसरी सुरू करत असेल, तर लहान फाइलला सगळे सुरळीत चालते आणि मोठ्या फाइलला पाइप भरून पहिली कमांड लिहिता लिहिताच अडकते. बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसतात, प्रॉम्प्ट येत नाही एवढेच. दहा ओळींच्या फाइललाही तुमची शेल लटकत असेल तर पाइप भरण्याचे कारण बाद झाले, आणि हे वाक्य मेलमध्ये आवर्जून यावे, कारण वाचणाऱ्याच्या मनात ती शंका सर्वांत आधी येणार आहे.

पुरावा गोळा करताना दोन गोष्टींनी हमखास फसगत होते. पहिली `printf` ची. चाइल्ड प्रोसेसमध्ये `dup2` झाल्यानंतर `printf` ने छापलेले पडद्यावर येत नाही. ते पुढच्या कमांडकडे पाइपमधून जाते, किंवा बफरमध्येच पडून राहते आणि `exec` झाल्यावर नाहीसे होते. मग विद्यार्थी मेलमध्ये लिहितो की ‘दुसरा चाइल्ड सुरूच होत नाही’, आणि प्राध्यापक भलत्याच दिशेला जातात. खुणेचे संदेश `fprintf(stderr, ...)` नेच छापा. दुसरी `strace` ची. चालू प्रोसेसला `strace -p` लावल्यावर उबुंटूवर बहुधा `Operation not permitted` असे उत्तर येते आणि प्रयोगशाळेत `sudo` मिळत नाही. अशा वेळी शेलच `strace` च्या खाली सुरू करा:

```
strace -f -o trace.txt ./mysh
```

फाइलच्या शेवटी `grep` च्या क्रमांकापुढे `read(0,` आणि शेलच्या क्रमांकापुढे `wait4(` अर्धवट थांबलेले दिसले, की पुरावा पुरा झाला. मेलमध्ये या फाइलमधल्या दोनतीन ओळी पुरतात, अख्खी फाइल जोडू नये.

मेल पुढीलप्रमाणे लिहिता येईल. तुम्ही सरांशी मराठीत बोलता असे धरून मसुदा मराठीत देतो. तुमच्याकडे इंग्रजीचा रिवाज असेल तर क्रम हाच ठेवा. यातले निष्कर्ष तुमच्या मशीनवर प्रत्यक्ष दिसतील तेवढेच ठेवा, बाकीचे बदला.

> विषय: ऑपरेटिंग सिस्टिम, असाइनमेंट ३: रविवार रात्रीपर्यंत मुदतवाढीची विनंती (रोल नंबर …)
>
> आदरणीय सर,
>
> असाइनमेंट ३ (मिनी शेल) सादर करण्यासाठी शुक्रवार रात्री ११:५९ ऐवजी रविवार रात्री ११:५९ पर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हा मेल लिहीत आहे.
>
> साध्या कमांड, `cd` व `exit`, इनपुट-आउटपुट फाइलकडे वळवणे आणि दोन कमांडचा पाइप हे भाग पूर्ण झाले असून ते दिलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण होतात. आजपर्यंतचा कोड मी पोर्टलवर सादर केला आहे. तीन किंवा अधिक कमांडचा पाइप अडला आहे, आणि त्यावर अवलंबून असलेल्या चाचण्या व अहवालाचा शेवटचा भाग राहिला आहे.
>
> `cat a.txt | grep x | wc -l` दिल्यावर दर वेळी प्रॉम्प्ट परत येत नाही. a.txt दहा ओळींची असली तरी हेच घडते, त्यामुळे पाइप भरल्याने अडकत नसावे. माझ्या लॅपटॉपवर आणि प्रयोगशाळेतल्या मशीनवर सारखाच परिणाम दिसतो. `strace` मध्ये `grep` हा `read(0,` वर आणि शेल `wait4(` वर थांबलेली दिसते. `/proc` मध्ये पाहिल्यावर `grep` कडे त्याच्याच इनपुट पाइपचे लिहिण्याचे टोक (डिस्क्रिप्टर ४) उघडे आढळले. हे टोक बंद करण्यासाठी मूळ प्रोसेसमध्ये `fork` पूर्वी `close` घालून पाहिले, परंतु मग पहिल्या चाइल्डमध्ये `dup2` ला `Bad file descriptor` ही त्रुटी येते आणि दोन कमांडचा पाइपही बिघडतो. तो बदल मी मागे घेतला आहे.
>
> टोके बंद करण्याचा भाग नव्याने लिहिण्यासाठी शनिवार आणि चाचण्या व अहवालासाठी रविवार लागेल, असा माझा अंदाज आहे. उशिराबद्दल हँडआउटमधील गुणकपातीचा नियम मी वाचला आहे, तो लागू होणार असल्यास माझी हरकत नाही. या बगबद्दल वर्गमित्राशी तोंडी चर्चा केली आहे, कोड मात्र दिला-घेतलेला नाही.
>
> मुदत देणे शक्य नसल्यास सध्या सादर केलेला कोडच अंतिम समजावा. पाइपच्या भागासाठी उद्या आपल्याला भेटणे सोयीचे असेल तर मी कॉलेजमध्येच आहे.
>
> आपला विद्यार्थी,
> (नाव, रोल नंबर, वर्ग)

या मसुद्यात विनंती पहिल्याच वाक्यात आहे, कारण प्राध्यापक असे मेल अनेकदा फोनवर, दोन तासांच्या मधल्या वेळेत पाहतात, आणि तारीख शोधण्यासाठी खाली सरकावे लागले की मेल ‘नंतर पाहू’ मध्ये जातो. ‘थोडा वेळ’ किंवा ‘एक-दोन दिवस’ असे मोघम लिहू नका, वार आणि वेळ लिहा, म्हणजे त्यांना ‘चालेल’ एवढ्या एका शब्दात उत्तर देता येते. फसलेला प्रयत्न आणि त्याची त्रुटी मुद्दाम लिहिली आहे. एखादी गोष्ट करून पाहिली आणि त्यामुळे आणखी काय बिघडले हे जो सांगू शकतो त्याने काम स्वतः केले आहे, याबद्दल सहसा शंका उरत नाही. शिवाय `fork` पूर्वी बंद केले असे वाचल्यावर सर कदाचित एका ओळीत ‘जागा चुकली आहे, कोणत्या प्रोसेसमध्ये बंद करायचे याचा विचार करा’ असे लिहून पाठवतील, आणि ते दोन दिवसांपेक्षा मोलाचे ठरेल.

पोर्टलवर जे चालते ते शुक्रवारच्या आत सादर करणे मी अटळ मानतो. मेलला उत्तर येईलच असे नाही, आणि उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. सादर करण्यापूर्वी तीन कमांडचा पाइप दिल्यास शेलने लटकून न राहता ‘ही सोय अपूर्ण आहे’ असा संदेश देऊन प्रॉम्प्ट परत द्यावा, एवढी तजवीज करा. स्वयंचलित तपासणी असेल तर एका लटकलेल्या चाचणीमुळे तिच्यापुढच्या चाचण्यांचेही गुण जाऊ शकतात.

चवथीनंतरची तारीख का नको, तेही सांगतो. बगला एक दिवस आणि अहवालाला एक दिवस लागणार असे तुमचेच वर्णन सांगत असताना दहा दिवस मागितले, की बगचा परिच्छेद निमित्त वाटू लागतो. चवथीला सरांच्या घरीही गणपतीसाठी फळा-पानांची माटोळी बांधायची असते आणि सुट्टीपूर्वी असाइनमेंटचा गठ्ठा हातावेगळा करण्याची घाई त्यांनाही असते. अनेकदा मुदत त्याच हिशेबाने ठेवलेली असते. रविवारी रात्री कोड आला तर तो बाकीच्यांबरोबर तपासला जातो, सुट्टीनंतर आला तर तुमच्या एकट्यासाठी त्यांना पुन्हा बसावे लागते. सत्तरीतल्या घरी पावसात वीज आणि नेटवर्क जाते हे खरे असले, तरी त्यामुळे तुमचे काम प्रत्यक्ष किती खोळंबले हे सांगता येत नसेल तर तो मुद्दा घालू नका. सांगता येत असेल तर एक वाक्य पुरे, उदाहरणार्थ ‘बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी सकाळपर्यंत घरी वीज नव्हती’. बगसोबत आजारपण, लग्न आणि वीज अशी कारणांची रास आली की वाचणारा त्यांतले सर्वांत कच्चे कारण धरून बसतो.

मेल कोणाला पाठवायचा ते हँडआउटमध्ये पाहा. प्रयोगशाळेच्या मुदती वेगळे शिक्षक सांभाळत असतील तर मेल त्यांना जावा आणि विषयाच्या प्राध्यापकांना प्रत असावी. विभागप्रमुखांना प्रत पाठवू नका, ती दबावासारखी वाचली जाते. व्हॉट्सअॅपवर ‘सर मेल पाहिला का’ असे लगेच विचारणेही टाळा. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर आले नाही तर प्रत्यक्ष भेटणे उत्तम, आणि जाताना लॅपटॉपवर लटकलेली शेल आणि ती `/proc` ची यादी उघडी ठेवून जा.

होकार आला तर त्याच मेलला एका ओळीचे उत्तर द्या, मान्य झालेला वार व वेळ त्यात पुन्हा लिहा आणि आभार माना. पुढे गुणकपातीवरून प्रश्न उभा राहिला तर हीच ओळ कामी येते. कोड रविवारी सादर कराल तेव्हा रीडमी फाइलमध्ये बगचे कारण दोन वाक्यांत नोंदवा, म्हणजे कोणत्या प्रोसेसकडे कोणते टोक उघडे राहत होते आणि ते आता कुठे बंद होते. नकार आला तर रीडमीत तीन कमांडच्या पाइपची सोय अपूर्ण असल्याची नोंद करा, मेलमधला बगचा परिच्छेद तिथे जसाच्या तसा उतरवा आणि तोंडी परीक्षेच्या तयारीला लागा, कारण त्या परीक्षेत पहिला प्रश्न याच पाइपवर येण्याचा संभव आहे.